क्रिएटिव्ह रायटिंगच्या एमएचं स्टेटमेंट: एका अर्जाची चिकित्सा

या ब्लॉगवर आपण आत्तापर्यंत बहुतेक विज्ञानाच्या अर्जांबद्दलच बोललो आहोत. आज जरा वेगळ्या विषयाचा अर्ज घेते. माझ्या ओळखीतली एक मुलगी (ती मला ताई म्हणते) इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात क्रिएटिव्ह रायटिंगच्या एमएसाठी अर्ज करत होती. तिनं तिचं स्टेटमेंट मला वाचायला दिलं. मी साहित्याची विद्यार्थिनी नाही, माझं सगळं काम प्रयोगशाळेत. पण दावा आणि पुरावा शेजारी ठेवून बघायची सवय एव्हाना हाडात मुरली आहे, आणि या अर्जात नेमकं तेच करावं लागतं. त्या स्टेटमेंटचे दोन खर्डे आज आपण तपासू. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मूळ मजकूर इंग्रजीत आहे, इथे मी तो मराठीत सांगते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्रिटनमध्ये अशा एमएची सुरुवात ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० मध्ये झाली असं मानतात. माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या दोन कादंबरीकारांनी तो अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यांचा पहिला विद्यार्थी होता इयन मॅकयुअन. आज असे अभ्यासक्रम अनेक विद्यापीठांत आहेत. त्यांचा गाभा म्हणजे वर्कशॉप: दहा-बारा जण बसतात, एकाची अर्धवट पानं बाकीच्यांनी आधीच वाचलेली असतात, आणि त्या पानांवर चर्चा होते. अर्जासोबत साधारण दोन गोष्टी मागतात. एक, लेखनाचा नमुना म्हणजे सॅम्पल. दोन, स्टेटमेंट: तुम्ही कोणाकडून काय शिकलात आणि पुढे काय करायचं आहे. शब्दमर्यादा जागोजागी वेगळी असते. हिच्या अर्जात स्टेटमेंटला ५०० शब्द होते आणि तिचं सॅम्पल सुमारे ३२०० शब्दांचं.

निवडीत वजन मुख्यतः सॅम्पलचंच असतं. कच्चं सॅम्पल कुठलंही स्टेटमेंट वाचवू शकत नाही. मग स्टेटमेंटचा उपयोग काय? माझ्या मते एवढाच: सॅम्पल वाचलेल्या माणसाला कळावं, की लिहिणाऱ्याला आपण काय केलं आणि काय जमलं नाही हे माहीत आहे. म्हणून सॅम्पल बाजूला ठेवून स्टेटमेंट तपासता येत नाही. आपणही आधी सॅम्पल बघू.

सॅम्पल: डब्याची वही

कथा मिरजेतली आहे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून पेशंट येतात, त्यांचे नातेवाईक आठवडेच्या आठवडे राहतात, आणि त्यांना घरगुती डबे पुरवणाऱ्या खाणावळी तिथे चालतात. कथेतली मावशी अशीच एक खाणावळ चालवते. तिच्याकडे एक वही आहे. नाव, दवाखाना, वॉर्ड, पोळ्या किती, पैसे किती. डबा बंद झाला की मावशी त्या नावावर आडवी रेघ मारते. पेशंट बरा होऊन घरी गेला की वारला, हे वहीत लिहिलेलं नसतं आणि मावशी विचारतही नाही. एखाद्या दिवसापुरता डबा नको असेल तर त्या दिवसापुढे 'खाडा' लिहायचा. मेसमध्ये जेवलेल्या कोणालाही हा शब्द समजावून सांगायला नको.

कथा सांगणारी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती सायकलवरून डबे पोचवते. अथणीकडचा एक गृहस्थ रोज दोन डबे घेतो, एक स्वतःसाठी आणि एक बायकोसाठी. एके दिवशी मुलगी जाते तर ती खाट रिकामी, चादर बदललेली. गृहस्थ बाहेर बाकावर बसलेला. तो दोन्ही डबे घेतो. पुढचे आठ दिवस तो दोन्ही डबे घेत राहतो आणि दुसरा डबा रोज धुऊन परत येतो. नवव्या दिवशी तो हिशेब मिटवायला खाणावळीत येतो. इतके दिवस त्याच्याशी 'तुम्ही' म्हणून बोलणारी मावशी ताट वाढते आणि म्हणते, "जेवून घे."

मग कथा एकदम अकरा वर्षं पुढे जाते. मुलगी आता मोठी आहे, माळ्यावर जुन्या वह्या सापडतात. त्या आठ दिवसांच्या रकान्यात दोन डबे लिहिलेत, पैसे मात्र एकाचेच लावलेत. कथा इथे संपते. मावशीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे कोणीही कुठे म्हणत नाही. ते पैशांच्या रकान्यातून कळतं.

मला कथा आवडली. पण आपला विषय कथा नाही. विषय हा, की या कथेशेजारी पहिला खर्डा ठेवला तर काय होतं.

पहिला खर्डा: कथेनं झाकलेलं उघडं करणं

पहिल्या खर्ड्याचा आरंभ असा होता: "माझ्या मावशीनं शेकडो मृत्यू जवळून पाहिले. दुःखी माणसांची ती आई होती. तिच्या करुणेनंच मला लेखिका बनवलं."

तीन वाक्यं आणि तिन्ही प्रामाणिक. तिची मावशी खरोखर खाणावळ चालवायची. पण हे वाचून कोणी सॅम्पलकडे वळला तर काय होईल बघा. कथा ज्या गोष्टीवर उभी आहे, म्हणजे रेघेचा अर्थ न सांगणं, ती गोष्ट स्टेटमेंटनं आधीच फोडली. 'करुणा' हा शब्द वाचलेल्या माणसाला पैशांच्या रकान्यातून स्वतः शोधायला काही उरत नाही. आणि याहून वाईट म्हणजे वाचणाऱ्याला शंका येते, की कथेतला संयम लिहिणारीनं जाणून ठेवला आहे की चुकून साधला आहे? ज्या बाईला स्वतःच्या कथेतल्या मौनाची किंमत कळते, ती स्टेटमेंटच्या पहिल्याच ओळीत ते मोडेल का?

इथे 'स्वतःत रमणं' म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. बरेच जण समजतात, 'मी' हा शब्द कमी केला की झालं. तसं नाही. स्टेटमेंट तुमच्याबद्दलच मागितलेलं असतं, 'मी' येणारच. रमणं तिथे सुरू होतं जिथे वाक्य वाचणाऱ्याला काही तपासायला देत नाही, फक्त लिहिणाऱ्याबद्दल चांगलं वाटून घ्यायला सांगतं. "तिच्या करुणेनं मला लेखिका बनवलं" हे वाक्य खरं की खोटं, कसं ठरवणार? ठरवता येत नाही. आणि त्यावर प्रश्न विचारला तर विचारणाराच निर्दयी ठरतो. दुःखाच्या मागे उभं राहून केलेला दावा असा चर्चेच्या बाहेर जातो. वर्कशॉपमध्ये नेमकं हेच चालत नाही. तिथे तुमच्या पानाबद्दल कोणी म्हणणार, "मला हे पटलं नाही," आणि तुम्हाला ते ऐकून घ्यावं लागणार.

मी शब्द मोजले. ५०० पैकी सुमारे १३० लहानपणच्या वाचनाबद्दल, ९० लेखकांच्या नावांवर, १२० 'कथा माणसाला जोडतात' या विषयावर, ११० भविष्यातल्या कादंबरीबद्दल. सॅम्पलबद्दल ५०, आणि त्यातही कथेचा सारांश. म्हणजे जो कागद वाचणाऱ्याच्या हातातच आहे, त्याबद्दल तिनं सर्वांत कमी आणि सर्वांत निरुपयोगी असं लिहिलं होतं.

प्रभाव: नावं नकोत, खूण दाखवा

पहिल्या खर्ड्यात अकरा लेखक होते. मार्केझ, मुराकामी, चेकॉव्ह, जी. ए., कोलटकर, मनरो आणि आणखी पाच. प्रत्येकाला एकेक विशेषण: मार्केझची जादू, जी. एं.ची गूढता, कोलटकरांची करुणा. ही यादी कोणीही लिहू शकतं. मी तिला एवढंच म्हटलं, "यातले असे कोण आहेत, ज्यांना काढलं तर तुझी कथा वेगळी झाली असती?" ती दोन दिवसांनी दोन नावं घेऊन आली: कोलटकर आणि मनरो.

कोलटकरांचं बघू. २००४ साली आलेल्या 'काळा घोडा पोएम्स' या त्यांच्या इंग्रजी संग्रहात एक दीर्घ कविता आहे. मुंबईत काळ्या घोड्याच्या चौकात सकाळी एक बाई इडल्या घेऊन येते आणि तिच्याभोवती रस्त्यावरची माणसं जमतात, एवढाच तिचा विषय. पहिल्या खर्ड्यात हिनं त्यावर 'गरिबांबद्दलची करुणा' असा शिक्का मारला होता. दुसऱ्या खर्ड्यात ती लिहिते: "त्या कवितेत इडली, भांडं आणि माणूस यांच्याकडे सारख्याच लक्षानं पाहिलं आहे. कोणाची कीव करायला कवी थांबत नाही. माझ्या कथेच्या आधीच्या खर्ड्यांत वहीचं वर्णन दोन ओळींत संपायचं आणि रडणाऱ्या माणसांची वर्णनं पानभर असायची. ती कविता पुन्हा वाचल्यावर मी प्रमाण उलटं केलं. आता वहीचे पाच रकाने पूर्ण आहेत, रडणारं कोणी नाही."

फरक दिसतो का? पहिल्या खर्ड्यात कोलटकरांचं कौतुक होतं. दुसऱ्यात कोलटकरांमुळे झालेला एक बदल आहे आणि तो सॅम्पलच्या दुसऱ्या पानावर बोट ठेवून दाखवता येतो. वाचणाऱ्याला कोलटकर माहीत नसले तरी चालतं, कारण वाक्याचं वजन नावावर नाही, वहीच्या रकान्यांवर आहे.

मनरोचं अधिक रंजक आहे. ॲलिस मनरो ही कॅनडाची कथालेखिका, तिला २०१३ चं नोबेल मिळालं. 'द बेअर केम ओव्हर द माउंटन' या तिच्या कथेच्या सुरुवातीला फिओना नावाची तरुण मुलगी किनाऱ्यावर ग्रँटला लग्नाचं विचारते आणि तो होकार देतो. पुढचा भाग सुरू होतो तेव्हा फिओना सत्तर वर्षांची आहे, तिची स्मृती जाऊ लागली आहे, घर सोडून जायची तयारी चालली आहे आणि ती स्वयंपाकघरातल्या फरशीवरचा एक डाग न्याहाळते आहे. मधलं सगळं आयुष्य वगळलं आहे. 'अनेक वर्षं लोटली' असंही कोणी म्हणत नाही.

हिनं दुसऱ्या खर्ड्यात लिहिलं: "मनरोची उडी मी आधी चुकीच्या जागी वापरली. रिकामी खाट दिसताच मी अकरा वर्षं पुढे गेले होते. मग आठ दिवसांचे डबे आठवणीत सांगावे लागले आणि ते सांगताना मुलीला सगळं कळलेलं असणं भाग पडलं. उडी नवव्या दिवसानंतर आणल्यावर मुलीचं न कळणं टिकलं आणि कळण्याचं काम वहीकडे गेलं."

हा परिच्छेद मला संपूर्ण अर्जातला सर्वांत चांगला वाटतो. यात एक तंत्र आहे, ते कुठून घेतलं ते आहे, ते आधी कसं फसलं ते आहे आणि फसण्याचं कारण आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर ही पद्धत आणि दुरुस्ती आहे. शिकवणाऱ्याला यातून एक गोष्ट कळते: या मुलीला खर्डा मोडून पुन्हा बांधता येतो. वर्षभर तेच करायचं असतं.

शिवाय दोन लेखक ठेवल्यामुळे जागा उरली. अकरांपैकी नऊ नावं गेली म्हणून तिचं वाचन कमी दिसलं का? उलट. अकरा नावांतून वाचनाचा आकडा कळत होता, दोन नावांतून वाचण्याची रीत कळते.

एक सावधगिरी मात्र हवी. खूण दाखवणं म्हणजे कथा समजावून सांगणं नव्हे. तिच्या मधल्या एका मसुद्यात असं वाक्य आलं होतं: "शेवटच्या रकान्यातून वाचकाला कळतं, की मावशीला सर्व माहीत होतं." हे ती कथा नीट वाचणाऱ्याला स्वतः कळणारच. न कळणाऱ्याला असं सांगितलं, तर कथा त्या जागी पोचली नाही अशी कबुलीच झाली. आम्ही एक ढोबळ भेद ठरवला: वाचकाला काय वाटावं हे लिहायचं नाही, आपण टेबलाशी बसून काय बदललं ते लिहायचं. वर मनरोच्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य या सीमेच्या अगदी जवळ येतं. तरी चालून जातं, कारण त्यात 'कळण्याचं काम वहीकडे गेलं' एवढंच आहे, वहीतून काय कळलं ते नाही.

महत्त्वाकांक्षा: सॅम्पलला जे जमलं नाही

पहिल्या खर्ड्यातली महत्त्वाकांक्षा अशी होती: "महाराष्ट्रातल्या तीन पिढ्यांच्या स्त्रियांची कहाणी सांगणारी, आवाज नसलेल्यांना आवाज देणारी कादंबरी मला लिहायची आहे."

यात दोन अडचणी आहेत. पहिली, आकाराची. बऱ्याच ब्रिटिश एमएचा पूर्णवेळ कालावधी एक वर्ष असतो आणि शेवटी द्यायचं सर्जनशील लेखन अनेक ठिकाणी १५,००० शब्दांच्या आसपास असतं. तीन पिढ्यांची कादंबरी त्यात बसत नाही. तिचा एखादा तुकडा बसेल, मग तो कुठला, ते सांगायला हवं. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. तिच्या कथेतल्या मावशीला आवाज नाही असं कोण म्हणेल? ती एका क्रियापदात माणसाला जवळ घेते. 'आवाज देणं' ही भाषा तिच्याच कथेनं खोटी पाडली आहे.

मग खरी महत्त्वाकांक्षा कुठे शोधायची? मी म्हटलं, सॅम्पलमधलं तुला सर्वांत कच्चं वाटणारं वाक्य दाखव. तिनं क्षणाचाही विचार न करता दाखवलं. "जेवून घे" नंतरचंच.

अडचण अशी आहे. मराठीत 'जेवून घ्या' चं 'जेवून घे' झालं, की आपल्या अंगावर येतं. नऊ दिवसांचं अंतर एका प्रत्ययात मिटलं. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. म्हणून तिनं सॅम्पलमध्ये पुढे एक वाक्य जोडलं होतं: मावशीनं लहान मुलांसाठी वापरतात ते रूप वापरलं, अशा अर्थाचं. म्हणजे ज्या कथेत कोणी काही समजावत नाही, तिच्या सर्वांत नाजूक जागी व्याकरणाचा धडा येऊन बसला. 'खाडा' तिनं बिनधास्त तसाच ठेवला होता आणि तो चालतो, कारण वहीत तो चार वेळा येतो, चौथ्या वेळेपर्यंत कोणालाही त्याचा अर्थ लागतो. पण 'घ्या' चं 'घे' एकदाच होतं. त्याला वारंवारतेचा आधार नाही.

दुसऱ्या खर्ड्यातली महत्त्वाकांक्षा इथून आली: "माझी माणसं मराठीत बोलतात आणि मी इंग्रजीत लिहिते. त्यांच्यातलं अंतर ती सर्वनामांनी आणि प्रत्ययांनी मोजतात, इंग्रजीत ते मोजमाप नाही. माझ्या सॅम्पलमध्ये हे एका जागी फसलं आहे: तिथे मी समजावून सांगते. वर्षभरात मला याचे इतर मार्ग करून पाहायचे आहेत. संबोधनं आधीपासून पेरणं, वाक्याची लांबी बदलणं, किंवा हातानं केलेल्या कृतीवर तो भार टाकणं. हे मी याच खाणावळीतल्या, पण वेगवेगळ्या माणसांनी सांगितलेल्या चार-पाच कथांमधून करणार आहे."

आता ही महत्त्वाकांक्षा लहान झाली का? मला नाही वाटत. तीन पिढ्यांची कादंबरी ही इच्छा होती. हा प्रश्न आहे आणि त्याला करून बघता येतील असे तीन रस्ते आहेत. चार-पाच कथा १५,००० शब्दांत बसतात. वर्षाअखेर यश आलं की नाही हे पान बघून सांगता येईल. आणि हा प्रश्न फक्त तिच्या कथेचा नाही. दोन भाषांत जगून एका भाषेत लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो अडवतो, म्हणून वर्कशॉपमधल्या इतर दहा जणांनाही त्यात रस वाटेल.

माझा एक आक्षेप तेव्हाही होता: स्वतःच्या सॅम्पलमधला दोष स्वतःच दाखवायचा का? तिचं उत्तर मला पटलं. ती म्हणाली, "ताई, तो वाचणाऱ्याला दिसणारच आहे. मला दिसला नाही असं त्याला वाटायला नको." अर्थात हे दोष एखादाच असेल तर ठीक. पाच दोषांची यादी दिली असती, तर मग अर्ज पाठवायच्या आधी कथाच सुधारायला हवी होती. आणि जो दोष आज संध्याकाळी बसून दुरुस्त होतो तो महत्त्वाकांक्षा म्हणून मांडू नये. जो वर्षभर पुरेल तोच मांडावा.

दुसऱ्या खर्ड्यातही काय खटकतं

हा खर्डा निर्दोष नाही. दोन जागा मला अजून खटकतात.

एक, शेवटचं वाक्य: "मी अजून खूप कच्ची आहे, पण शिकायची तयारी आहे." ही नम्रता दिसते, पण काम पहिल्या खर्ड्यातल्या करुणेचंच करते. तेही तपासता येत नाही आणि तेही वाचणाऱ्याकडून एक गोड भावना मागतं. वरच्या दोन परिच्छेदांत ती शिकते कशी, हे दिसलेलंच आहे. मग हे वाक्य काय जोडतं? मी काढायला सांगितलं. तिनं ठेवलं. शेवटी अर्ज तिचा.

दोन, सगळा खर्डा आता जरा जास्तच आखीव झाला आहे. प्रभाव, बदल, परिणाम, पुन्हा प्रभाव, बदल, परिणाम. यात माझ्या सल्ल्याचा हात आहे हे मला दिसतं, कारण असं आम्ही लिहितो. पण साहित्याच्या अर्जातलं गद्यसुद्धा गद्य म्हणूनच वाचलं जातं. कोलटकरांच्या कवितेबद्दल लिहिताना ती कविता तिला मुळात का आवडली, हे एका वाक्यात आलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ती पहिल्यांदा वाचली तेव्हा तिला भूक लागली होती, असं ती मला बोलता बोलता म्हणाली. ते वाक्य स्टेटमेंटमध्ये असायला हवं होतं. ते तिच्याबद्दल आहे, पण त्यात ती स्वतःवर खूश नाही. आणि खाण्याच्या कवितेची ती अगदी रास्त समीक्षा आहे.

तपासायचं कसं

तुम्ही असा अर्ज करणार असाल, तर कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे स्टेटमेंटचं एकेक वाक्य लिहा. उजवीकडे सॅम्पलमधली ती जागा, जिथे ते वाक्य खरं आहे की नाही ते बघता येईल. पान आणि ओळीसकट. पहिल्या खर्ड्यात हिचा उजवा रकाना जवळजवळ रिकामा होता. दुसऱ्यात नऊ जागा भरल्या. सगळ्या भरल्याच पाहिजेत असं नाही, भूक लागल्याचं वाक्य रिकाम्या रकान्यासमोरच बसलं असतं आणि तरी चाललं असतं. पण बहुतेक रिकामे असतील, तर समजा, दोन कागद एकाच माणसाचे असूनही एकमेकांना ओळखत नाहीत.

मग उलटंही करा. सॅम्पलमध्ये तुम्ही मुद्दाम काय झाकलं आहे ते एका ओळीत लिहा, आणि स्टेटमेंटमध्ये ते कुठे फुटतंय का ते शोधा. पहिल्या ओळीपासून शोधा. बहुतेक वेळा ते तिथेच सापडतं, कारण आपल्याला सर्वांत जास्त वाटत असतं तेच आपण आधी लिहितो. हिच्या अर्जात मावशी आता पहिल्या ओळीत नाही. स्टेटमेंटमध्ये ती कुठेच नाही. ती कथेत आहे आणि हिशेब लावते आहे.